हिवाळ्यात सतलजमध्ये पाणी कुठून येतं? (बर्फाच्या नद्या, पावसाच्या नद्या आणि त्यांचं वर्ष)

कोरडवाहू (धागाकर्ता)

भाक्रा धरणात सतलजचं पाणी महिन्यावार किती येतं, त्याचा आलेख बघत होतो. हिमालयातल्या नद्यांना बर्फाचं पाणी मिळतं म्हणून त्या बारमाही, हे वाक्य शाळेपासून डोक्यात बसलंय. मग आलेखात सगळ्यात कमी पाणी डिसेंबर ते फेब्रुवारीत का दिसतंय? तेव्हा तर वर बर्फच बर्फ असतं. रेघ एप्रिलपासून चढायला लागते, जुलै-ऑगस्टमध्ये टोक गाठते आणि सप्टेंबरनंतर उतरते.

शेजारी गोदावरीचा आलेख ठेवला, तर तिचंही टोक पावसाळ्यातच. फक्त जूनपर्यंत ती जवळजवळ जमिनीला टेकलेली.

म्हणून दोन प्रश्न. हिवाळ्यात सतलजमध्ये जे थोडं पाणी असतं, ते कशाचं? आणि दोघींचं टोक साधारण एकाच वेळी येत असेल, तर बर्फाची नदी आणि पावसाची नदी हा फरक बघायचा कुठे?

हिमशिखर_७

यात गूढ काहीच नाही. बर्फ वर्षभर थोडं थोडं वितळतच असतं. उन्हाळ्यात जास्त, हिवाळ्यात कमी. हिवाळ्यात वरून गोठलेलं दिसलं तरी हिमनदीच्या तळाला जमिनीची ऊब लागते आणि खालून पाणी सुटत राहतं. म्हणून गंगा, सतलज, यमुना जानेवारीतही वाहतात. गोदावरी-कृष्णेच्या डोक्यावर बर्फ नाही, म्हणून त्या आटतात.

उगाचच

चला, धागा दुसऱ्याच प्रतिसादात संपला. चहा घ्या सगळ्यांनी.

मोजणीदार

संपला नाही हो. माझी नोकरी नदीचा विसर्ग मोजण्यात गेली, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

हिमशिखर, उन्हाळ्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, तळाच्या उबेचं मात्र जमत नाही. जमिनीच्या पोटातून वर येणारी उष्णता साधारण ०.०६ वॅट प्रति चौरस मीटर असते. ज्वालामुखीचा किंवा गरम झऱ्यांचा भाग सोडून बोलतोय. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. भागाकार करून बघा, ही ऊब अख्ख्या वर्षात जेमतेम ६ मिलिमीटर बर्फ वितळवते. महिन्यात नव्हे, वर्षात. हिमनदीच्या तोंडातून जानेवारीत बारीक धार येत असते हे खरं. पण त्यात उन्हाळ्यात आत साठून राहिलेलं पाणीही असतं, आणि शंभर-दोनशे किलोमीटर खाली जी नदी आपण मोजतो तिच्यात या धारेचा वाटा फार थोडा.

हिवाळ्यात सतलजमध्ये जे वाहतं ते मुख्यतः जमिनीत मुरलेलं पाणी. डोंगरउतारावरचा दगडगोट्यांचा थर, दरडींचे ढीग, फुटलेला खडक, जुने हिमोढ यांत उन्हाळ्या-पावसाळ्यात पाणी मुरतं आणि झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर पडतं. म्हणजे जानेवारीत सतलज आणि गोदावरी दोघी एकाच प्रकारच्या पाण्यावर जगत असतात, पाझरावर. बर्फाचं काम तेव्हा उलटं असतं. पडलेलं पाणी ते धरून ठेवतं, नदीला देत नाही.

त्यामुळे बर्फामुळे नदी बारमाही होते हे वाक्य मी असं म्हणेन: बर्फ हिवाळ्यातलं पाणी अडवून ते एप्रिल ते जुलैमध्ये सोडतं. बाकीच्या महिन्यांशी त्याचा थेट संबंध थोडा.

चपला_घालून_ट्रेक

हे मी पाहिलंय! जानेवारीत झांस्करवर चादर ट्रेकला गेलो होतो. नदी काठांवर गोठलेली, मधे हिरवट पाणी, तळाचे गोटे स्पष्ट दिसत होते. आमचा वाटाड्या सांगत होता की हीच नदी जुलैत गढूळ, राखाडी असते आणि या घळीत पाय ठेवायला जागा नसते.

आणखी एक. उन्हाळ्यात स्पितीच्या वाटेवर नाले सकाळीच ओलांडायचे असतात. तिथे एकाचं नावच पागल नाला. सकाळी घोट्याएवढं पाणी असलेल्या ओढ्यात संध्याकाळी गाड्या अडकलेल्या बघितल्यात, आणि पावसाचा थेंब नाही. ढगाळ दिवशी मात्र संध्याकाळीही पाणी फारसं चढत नव्हतं. हे सगळं बर्फामुळेच ना?

मोजणीदार

अगदी. आणि ओळखायची पहिली खूण तुम्हीच सांगितलीत. बर्फाच्या पाण्याला दिवसाचं घड्याळ असतं. ऊन दुपारी तापतं, वितळलेलं पाणी बर्फातून झिरपत ओढ्याला यायला काही तास लागतात, म्हणून लहान ओढ्यात पाणी दुपार कलल्यावर किंवा संध्याकाळी सगळ्यात जास्त आणि पहाटे सगळ्यात कमी. तासातासाची नोंद असेल तर आलेखावर करवतीच्या दातांसारखी रेघ दिसते. नदी मोठी होत जाते तशी वेगवेगळ्या खोऱ्यांतून आलेली ही टोकं एकमेकांत मिसळतात आणि दात बोथट होतात. फार खाली मोजलं तर ते दिसतही नाहीत.

ढगाळ दिवसाचं निरीक्षण तर फारच मोलाचं. पावसाच्या नदीला ढग म्हणजे पाणी, बर्फाच्या नदीला ढग म्हणजे कपात.

कोरडवाहू

मोजणीदार साहेब, एप्रिलमध्ये रेघ चढते, पण एकदम नाही, तीन महिने चढतच राहते. वर एवढं बर्फ असेल तर एप्रिलमध्येच सगळं का येत नाही?

मोजणीदार

कारण पाणी किती आहे यापेक्षा उष्णता किती आहे यावर सगळं ठरतं. एक कल्पित खोरं घेऊ आणि आकडे घालून बघू. आकडे मी सोयीचे घेतोय, पण अवास्तव नाहीत.

उंचीनुसार तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. समजा जानेवारीत २००० मीटरवर दिवसाची सरासरी ५ अंश आहे. मग शून्याची रेषा पावणेतीन हजार मीटरच्या आसपास. तिच्या वर सगळं गोठलेलं, तिच्या खाली मुळात बर्फ थोडं. वितळायला जागाच नाही. मे महिन्यात २००० मीटरवर सरासरी १८ अंश झाली, तर शून्याची रेषा ४७०० मीटरच्या पुढे सरकते. तोवर खालचं बर्फ संपून बर्फाची कड ३५०० मीटरवर आलेली असते. म्हणजे ३५०० ते ४७०० हा पट्टा आता वितळतोय आणि त्याची सरासरी साधारण ४ अंश.

आता आमच्याकडचा जुना ठोकताळा. सरासरी तापमान शून्याच्या वर जितके अंश, तितक्या प्रत्येक अंशाला दिवसाला ३ ते ६ मिमी पाणी बर्फातून सुटतं. आपण ४ धरू. ४ अंश गुणिले ४, म्हणजे दिवसाला १६ मिमी. पट्ट्याचं क्षेत्रफळ ६०० चौरस किलोमीटर असेल तर दिवसाला ९६ लाख घनमीटर, म्हणजे सेकंदाला १११ घनमीटर. एवढं पाणी एकही ढग नसताना, आणि रोज.

त्याच ६०० चौरस किलोमीटरवर एका दिवसात १०० मिमी पाऊस पडला आणि निम्मा वाहून आला असं धरा. ३ कोटी घनमीटर झाले. ते एका दिवसात निघून गेले तर सरासरीच सेकंदाला ३४७ घनमीटर येते, आणि टोक त्याच्या बरंच वर. दुसऱ्या दिवशी उतार सुरू, आठवड्याभरात नदी पूर्वपदावर. तेच १०० मिमी पाणी बर्फाच्या रूपात असतं तर १६ मिमीच्या वेगाने वितळायला सहा दिवस लागले असते.

हा वेग मनमानी वाढत नाही. १६ मिमी वितळवायलाच दर चौरस मीटरला ५३ लाख ज्यूल लागतात, आणि ताजं बर्फ तर आलेलं बहुतेक ऊन परत फेकतं. दिवसाला ४०-५० मिमी वितळणं म्हणजे खूप झालं. आभाळाला अशी मर्यादा नाही, ते तेवढं पाणी तासाभरात ओतू शकतं. म्हणून बर्फाच्या नदीचा आलेख गुबगुबीत टेकाडासारखा आणि पावसाच्या नदीचा काटेरी.

तीन महिने चढण का, याचं उत्तरही यातच आहे. वितळणारा पट्टा डोंगर चढत जातो. एप्रिलमध्ये खालचा, जूनमध्ये वरचा. शिवाय पहिल्या उबेला पाणी लगेच सुटत नाही. थरातलं बर्फ शून्याखाली असतं, ते आधी शून्यावर यावं लागतं, मग त्याच्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि त्यानंतर खालून धार सुटते. मार्चमधल्या चार गरम दिवसांनी नदी हलली नाही म्हणून गोंधळणारे नवखे अभियंते मी पुष्कळ बघितलेत.

शेवंती

एवढं गणित मला झेपलं नाही, पण एक शंका. आमच्या पुलाखालची नदी मे महिन्यातही वाहते. डोक्यावर बर्फ नाही, वळवाचा पाऊसही नव्हता. मग ती कोणत्या गटात धरायची?

मोजणीदार

शेवंतीताई, वर धरण आहे का? आणि पाणी हळूहळू चढतं-उतरतं की एका दिवसात एकदम वाढून काही दिवस तेवढंच राहतं?

शेवंती

धरण आहे. आवर्तन सुटलं की वाढतं, बंद झालं की आठवडाभरात डबकी उरतात.

मोजणीदार

मग मे महिन्यात तुम्ही बघता ते धरणाचं वेळापत्रक. आलेखावर ते पायऱ्यांसारखं दिसतं. निसर्गात अशी सरळ पायरी सहसा नसते. आज बहुतेक मोठ्या नद्यांवर धरणं आहेत, म्हणून नदीचा मूळ स्वभाव बघायचा तर धरणाच्या वरचं मोजणीकेंद्र घ्यावं किंवा धरणात येणारी आवक बघावी. कोरडवाहूंनी भाक्र्याची आवक घेतली ते योग्यच केलं. भाक्र्याचं वर्षही बर्फाकडे बघूनच आखलेलं आहे. तिथे जलाशय भरायचा हंगाम २१ मे ते २० सप्टेंबर धरतात, म्हणजे भरणं मॉन्सूनच्या आधीच सुरू होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच देतो. फरक टोकात शोधू नका. सतलजच्या टोकात हिमनद्यांचं वितळणं आणि खालच्या खोऱ्यातला मॉन्सून दोन्ही मिसळलेले असतात. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा बघा. गोदावरी तेव्हा वर्षातल्या तळाला असते आणि सतलज चढत असते. फरक त्या जवळजवळ अकरा आठवड्यांत आहे.

हिमशिखर_७

ठीक आहे, जमिनीच्या उबेचं सोडा. पण मुरलेलं पाणीच जर हिवाळ्यात नदी चालवतं, तर गोदावरीतही पाणी मुरतंच की. ती मार्चमध्ये का दम टाकते? शेवटी बर्फावरच यावं लागतं.

मोजणीदार

नाही, खडकावर यावं लागतं. गोदावरीच्या वरच्या खोऱ्याखाली काळा बेसाल्ट आहे. त्यात पाणी राहतं ते भेगांमध्ये, सच्छिद्र थरांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. घनफळाच्या दोन-तीन टक्के पाणी तो सोडतो, बस. मैदानी गाळाचा थर दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत सोडू शकतो आणि जाडीलाही कैक पट असतो. बेसाल्टमधला साठा लवकर भरतो आणि लवकर संपतो. त्यात विहिरी आणि बोअर त्याच साठ्यातून उपसतात, म्हणजे नदीला पाझर मिळायच्या आधीच पाणी वर खेचलं जातं. जुनी माणसं सांगतात की अमुक ओढा पूर्वी होळीपर्यंत वाहायचा. त्यात आठवणीचा गोडवा असेल, पण कारण खोटं नाही.

तुमच्या मांडणीला सरळ छेद देणारी नदी म्हणजे गोमती. पीलीभीतजवळच्या एका तळ्यातून निघते, हिमालयाला स्पर्शही करत नाही, बर्फाचा एक कण नाही, तरी लखनौवरून बारमाही वाहते. सगळा खेळ गाळाच्या थरातल्या भूजलाचा. नर्मदेलाही बर्फ नाही.

ऱ्हाइनकाठ

इथे युरोपातलं एक उदाहरण देतो, कारण एकाच नदीत दोन्ही स्वभाव दिसतात. ऱ्हाइन नदी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला मोजली तर सगळ्यात जास्त पाणी जून-जुलैत आणि सगळ्यात कमी जानेवारीच्या आसपास. आल्प्सचं बर्फ. तीच नदी खाली कोलोनला मोजली तर जास्त पाणी हिवाळ्यात आणि कमी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मधे नेकार, माइन, मोझेल या पावसाच्या उपनद्या येऊन मिळतात. त्यांच्याकडे पाऊस वर्षभर पडतो, पण उन्हाळ्यात झाडं आणि ऊन तो पिऊन टाकतात, म्हणून त्यांचं पाणी हिवाळ्यात जास्त.

त्यामुळे ऱ्हाइन बऱ्यापैकी समतोल राहते. वरून उन्हाळ्यात, खालून हिवाळ्यात. पण शरद ऋतूत दोन्ही बाजू एकदम कमी पडल्या की अडचण. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबच्या मोजपट्टीवर पाणी २५ सेंटीमीटरपर्यंत उतरलं होतं आणि मालवाहू बोटी अर्ध्या रिकाम्या न्याव्या लागत होत्या. (अवांतर: ही मोजपट्टी तळापासूनची खोली दाखवत नाही, पात्र त्याहून खोल असतं. बातम्यांत दरवेळी हा घोळ होतो.)

कोरडवाहू

हे आवडलं. म्हणजे अमुक नदी बर्फाची की पावसाची, हा प्रश्न कुठल्या ठिकाणी आणि कुठल्या महिन्यात ते सांगितल्याशिवाय अर्धवटच आहे.

मोजणीदार

हो. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचे यावरचे जुने अंदाज आहेत. वर्षभराच्या पाण्यात बर्फ आणि हिमनद्या मिळून वाटा सतलजला भाक्र्यापाशी सुमारे ६० टक्के, चिनाबला अखनूरपाशी निम्मा, गंगेला देवप्रयागपाशी तीस टक्क्यांच्या आत. खाली बिहारपर्यंत येताना गंगेतला हा वाटा आणखी पातळ होतो, कारण मॉन्सूनचं पाणी प्रचंड. पण वर्षाची सरासरी इथे फसवी आहे. त्याच गंगेत मे महिन्यात वितळलेल्या पाण्याचा वाटा वर्षाच्या वाट्याहून कितीतरी जास्त असतो, आणि पाण्याची ओढ असते ती नेमकी मे महिन्यात.

उगाचच

मग हिमनद्या संपल्या की गंगा आटणार, हे व्हॉट्सॲपवाले म्हणतात ते? २०३५ साल ऐकलं होतं मी.

मोजणीदार

ते २०३५ चं वाक्य आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात होतं आणि २०१० मध्ये त्यांनी स्वतःच ते मागे घेतलं. हिमनद्या आक्रसताहेत यात मात्र वाद नाही. अख्खी गंगा आटणार नाही, मॉन्सून आहे तोवर. फटका बसेल तो वरच्या खोऱ्यांना आणि सिंधूच्या बाजूला, कारण तिथे पावसाचा आधार कमी आहे.

आणि इथे बर्फ व हिमनदी यांच्यात फरक करायला हवा. हंगामी बर्फ म्हणजे यंदाच्या हिवाळ्यात पडलेलं, ते जून-जुलैपर्यंत बहुतेक संपतं. हिमनदीतलं बर्फ जुनं असतं आणि वरचं आवरण गेल्यावर जुलै ते सप्टेंबरमध्ये उघडं पडून वितळतं. यंदा बर्फ कमी पडलं आणि उन्हाळा कोरडा, कडक गेला, तर हिमनदी लवकर उघडी पडते आणि जास्त पाणी देते. दुष्काळात नदीला थोडा टेकू मिळतो. पावसाच्या नदीला असा टेकू नाही, मॉन्सून चुकला की तीही चुकली. हिमनदी आक्रसताना आधी काही दशकं पाणी वाढतं आणि मग कायमचं घटत जातं. कुठलं खोरं आज या वळणाच्या अलीकडे आहे आणि कुठलं पलीकडे, त्याचं उत्तर खोऱ्यागणिक वेगळं येतं.

चपला_घालून_ट्रेक

एक उरलंच. हिवाळ्यात नदीत मुरलेलं पाणी असतं म्हणालात. पण डोंगरात मुरलं ते तरी बर्फ वितळूनच ना? मग हिमशिखरांचं म्हणणं फिरून खरं होत नाही का?

हिमशिखर_७

धन्यवाद! मी हेच म्हणणार होतो.

मोजणीदार

इथे खरा वाद आहे आणि तो मी मिटवू शकत नाही. काही भाग नक्कीच बर्फाचा. स्पितीसारख्या पर्जन्यछायेतल्या खोऱ्यात तर झऱ्यांना दुसरं पाणी मिळणार कुठून? पण नेपाळ, उत्तराखंडच्या मधल्या डोंगरांत पाऊस भरपूर आणि तिथला साठा मॉन्सून भरतो. त्याची खूण नोंदींत दिसते. मॉन्सूनच्या सुरुवातीला जेवढ्या पावसाला नदी कमी चढते, तेवढ्याच पावसाला सप्टेंबरमध्ये जास्त वाहते. आधीचं पाणी डोंगर भरण्यात जातं, नंतर डोंगर ते परत देतो.

वेगळं करायला लोक पाण्यातल्या ऑक्सिजनच्या जड अणूंचं प्रमाण मोजतात. उंचावरच्या बर्फात ते कमी असतं. पंचाईत अशी की ऐन मॉन्सूनच्या जोरदार पावसातही ते कमी असतं, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांवर चढतात. वाटे सांगणारे शोधनिबंध वाचताना नमुने कुठल्या महिन्यात घेतले ते आधी बघावं.

त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे विद्युतवाहकता मोजणारं हातातलं यंत्र. बर्फाचं पाणी दगडाला फारसं न शिवता येतं, त्यात क्षार कमी, आकडा खाली. खडकात महिनोन्महिने राहिलेल्या पाण्यात क्षार जास्त, आकडा वर. वरच्या ओढ्यांत वाहकता जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात जास्त आणि जुलैत सगळ्यात कमी येते. मुळात पाणी बर्फाचं होतं की पावसाचं, हे त्यावरून कळत नाही. ते जमिनीत राहून आलं एवढं मात्र नक्की कळतं.

हिमशिखर_७

म्हणजे स्पितीपुरतं माझं बरोबर.

मोजणीदार

स्पितीपुरतं, आणि एका वळशाने.

कोरडवाहू

चिनाबची अखनूरची आवक शोधतोय. निम्मा वाटा बर्फाचा असेल तर तिची एप्रिल-मेची चढण सतलज आणि गंगा यांच्या मधोमध यायला हवी. कुणाकडे महिन्यावार आकडे असतील तर इथे टाका.